धुरकट फोटो शार्पनिंगने का सुधारत नाही: राजगडावरून टिपलेल्या तोरण्याचे उदाहरण

प्रश्न: मार्चमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरण्याचा फोटो काढला. पुढे संजीवनी माची आहे आणि मागे तोरणा. फोटो अगदी फिका आणि धुरकट आला आहे. लाइटरूममध्ये शार्पनिंग ११० पर्यंत नेले, तरी डोंगर स्पष्ट होत नाही, उलट रवाळ दिसतो. लेन्स खराब आहे का? RAW फाइल सोबत देत आहे.

उत्तर: तुमची लेन्स ठीक आहे आणि फोकसही चुकलेला नाही. फाइल उघडल्यावर मी आधी संजीवनी माचीची तटबंदी शंभर टक्के आकारात पाहिली. दगडांचे सांधे, तटावर वाढलेल्या वाळक्या गवताच्या काड्या, सगळे स्वच्छ दिसते. त्याच चौकटीत सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर असलेला तोरणा मात्र पातळ दुधात बुडवून काढल्यासारखा आहे. जवळचे खणखणीत आणि लांबचे फिके, अशी विभागणी दिसली की दोष हवेचा असतो. लेन्सवर समोरून ऊन पडले असते, किंवा पुढच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा अथवा पावसाळ्यात धरलेली बुरशी असती, तर माचीच्या सावल्याही तितक्याच राखाडी झाल्या असत्या, कारण लेन्सच्या आत विखुरणाऱ्या उजेडाला जवळचे आणि लांबचे यांतला फरक कळत नाही. फोकस चुकला असता तर कडा पसरट झाल्या असत्या, पण मोठा काळा भाग काळाच राहिला असता. ही तपासणी मी स्वतः फसल्यानंतर करू लागलो. एकदा कोकणातल्या एका बंदरावरचे फोटो ‘आज हवाच धुरकट होती’ असे समजून दोन संध्याकाळी सुधारत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी लेन्स हातात घेतली, तेव्हा फिल्टरवर वाळलेल्या खाऱ्या तुषारांचा थर दिसला. त्या फोटोंत अगदी हातभर अंतरावरचा दोरखंडही फिका होता, आणि ते मी आधी पाहायला हवे होते.

आता शार्पनिंगने काम का होत नाही ते पाहू, कारण ते कळले की पुढचे सगळे टप्पे आपोआप सुचतात.

तोरण्याकडून निघालेला प्रकाश तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येताना हवेतल्या धूळ, धूर आणि बाष्पाच्या कणांतून येतो. त्यातला काही वाटेत विखुरतो आणि पोहोचतच नाही. त्याहून मोठे नुकसान दुसऱ्या गोष्टीने होते. सूर्याचा आणि आकाशाचा जो प्रकाश या कणांवर पडतो, त्यातला काही विखुरून थेट लेन्समध्ये शिरतो आणि डोंगराच्या चित्रावर वरून ओतला जातो. हा उपरा उजेड अंतराबरोबर वाढत जातो. तुमची वेळही त्याला अनुकूल होती. बालेकिल्ल्यावरून तोरणा पश्चिमेकडे येतो, आणि साडेचारला सूर्यही त्याच बाजूला उतरलेला असतो. प्रकाशाच्या दिशेने पाहिले की कण अधिक चमकतात. शिवाय मार्चमध्ये मावळात भातशेतीसाठी राब भाजणे चालू असते, त्याचा धूर दरीत साचून राहतो. त्याच जागेवरून सकाळी, ऊन पाठीशी असताना काढलेला फोटो बऱ्याच कमी कष्टात सुधारला असता.

सोयीसाठी साधे आकडे घेऊ. तोरण्याच्या घळीतून १० एकक प्रकाश येतो आणि उजेडातल्या कड्यावरून ५० एकक. दोन्हींतले प्रमाण एकास पाच, म्हणजे डोळ्यांना घळ आणि कडा ठळकपणे वेगळे दिसतील. आता हवेने दोन्हींवर १०० एकक उजेड ओतला. घळ ११० झाली आणि कडा १५०. फरक अजूनही ४० एककांचाच आहे, पण प्रमाण दीडपटही उरले नाही, आणि डोळ्यांना कॉन्ट्रास्ट म्हणून जे जाणवते ते हे प्रमाण असते. फोटोत हरवले आहे ते एवढेच. घळी आणि कडे ही डोंगराची मोठी रूपे आहेत, ती तुमच्या चौकटीत शेकडो पिक्सेल रुंद आहेत, आणि त्यांच्यामधला उजेड-सावलीचा फरक दबला गेला आहे.

शार्पनिंग या गोष्टीकडे पाहतच नाही. त्याची त्रिज्या साधारण एक पिक्सेलची असते. शेजारशेजारच्या पिक्सेलांत फरक दिसला की ते उजळ बाजू थोडी अधिक उजळ करते आणि गडद बाजू थोडी अधिक गडद. शेकडो पिक्सेल रुंद घळ त्याच्या दृष्टीने सपाट मैदान असते. अशा सपाट, फिक्या भागात शेजारच्या पिक्सेलांत फरक असतो तो बहुतेक सेन्सरच्या नॉइजचा. म्हणून ११० वर नेलेल्या शार्पनिंगने तुमचा डोंगर सोडला आणि त्यावरचा रवा धरला. तोरण्याच्या माथ्याच्या रेषेवर जी पांढरी झालर आली आहे तीही त्याचीच, कारण त्या भागात खरी कड म्हणावी अशी तेवढी एकच होती.

तेव्हा पहिले काम म्हणजे `Sharpening` मधले `Amount` पुन्हा ४० वर आणा. RAW फाइलसाठी तेच मूळ मूल्य आहे. त्याकडे आपण अगदी शेवटी वळू.

त्यानंतर कॉन्ट्रास्टला हात लावण्याआधी `Enable Profile Corrections` ला खूण करा. लेन्सच्या कोपऱ्यांत जी किंचित काळोखी असते ती सध्या तुम्हाला दिसत नाही, पण धुरकटपणा काढणारे प्रत्येक साधन तिला ठळक करते, आणि मग चारही कोपरे काजळी धरल्यासारखे होतात. हीच गोष्ट सेन्सरवरच्या धुळीची. तुमच्या आकाशात डावीकडे वर दोन ठिपके आहेत. आत्ता ते जेमतेम जाणवतात, थोड्या वेळाने डोळ्यांत खुपतील. ते आत्ताच पुसून टाकावेत.

आता फोटोचे वाचन करू. लाइटरूम क्लासिकमध्ये माउस फोटोवर फिरवला की हिस्टोग्रामखाली लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांची टक्केवारी दिसते. बहुतेक लोक तिकडे पाहत नाहीत. धुरकट फोटोत मला तीच सर्वांत उपयोगाची वाटते. तुमच्या फाइलमध्ये माचीच्या तटाखालच्या सावलीत तिन्ही रंग ६ ते ७ टक्क्यांवर आहेत. तोरण्याच्या सर्वांत गडद घळीत लाल ५३, हिरवा ५६ आणि निळा ६१ आहे. त्याच्या सर्वांत उजळ कड्यावर लाल ६७, हिरवा ६८, निळा ७०. माथ्याच्या जरा वर आकाश ८४ च्या आसपास आहे. याचा अर्थ असा की जवळच्या भागाने काळ्यापासून वरपर्यंतची जागा व्यापली आहे, आणि अख्खा तोरणा मात्र लाल रंगात १४ टक्क्यांच्या आणि निळ्या रंगात अवघ्या ९ टक्क्यांच्या पट्टीत कोंबलेला आहे. निळ्याची पट्टी अधिक अरुंद असणे स्वाभाविक आहे, कारण हवेतले अतिसूक्ष्म कण आणि हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात. वाटेल तेव्हा कृष्णधवल फोटो करून पाहा आणि त्यात लाल रंगाचा वाटा वाढवा, डोंगर लगेच पुढे येतो. फिल्मच्या काळात निसर्गचित्रे काढणारे लेन्सवर लाल फिल्टर लावत, त्यामागे हेही एक कारण होते.

या आकड्यांवरून एक गोष्ट ठरते. संपूर्ण चौकटीवर एकच उपाय चालणार नाही. `Contrast` किंवा `Blacks` ओढून तोरणा सुधारायला गेलात तर तो सुधारेपर्यंत माचीच्या सावल्या शाईसारख्या होतील, कारण त्या आधीच ६ टक्क्यांवर आहेत. तरीही सुरुवात संपूर्ण चौकटीपासूनच करावी, फक्त हात आखडता ठेवून. `Blacks` चा स्लायडर Alt कळ दाबून ओढा (मॅकवर Option). पडदा पांढरा होईल आणि जिथे तपशील संपून निव्वळ काळे उरते तिथे ठिपके उमटतील. तटाखालच्या खोबणीत दोन-चार ठिपके आले की थांबा. तुमच्या फाइलवर मी -१२ वर थांबलो. `Whites` तसाच Alt दाबून वाढवला, या वेळी पडदा काळा होतो, आणि सूर्याच्या बाजूच्या आकाशात ठिपके येऊ लागण्याच्या आधी +१० वर सोडला. फोटोचा जवळचा भाग एवढ्यानेच जागा झाला.

मग `Dehaze`. हे साधन लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीने २०१५ मध्ये आणले आणि तेव्हापासून त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढाच गैरवापरही. या जातीच्या साधनांमागची एक प्रसिद्ध कल्पना २००९ मध्ये कैमिंग ही, जियान सन आणि शियाओऊ तांग यांनी मांडली. उघड्यावरच्या स्वच्छ फोटोतला कोणताही छोटा तुकडा घ्या. आकाश सोडले तर त्यात बहुधा कुठेतरी एखादी सावली, एखादे गडद पान किंवा भडक रंग असतोच, आणि त्या जागी लाल, हिरवा, निळा यांपैकी किमान एक रंग शून्याच्या जवळ असतो. ज्या तुकड्यात असे काहीच सापडत नाही, जिथे सर्वांत कमी आकडाही ५३ आहे, तिथे तेवढा उजेड हवेने ओतला असावा असा तर्क करायचा आणि तो वजा करायचा. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधले `haze removal` याच तत्त्वावर चालते. तर्क चलाख आहे, पण त्यातच त्याची चूकही दडलेली आहे. जी वस्तू मुळातच फिकी आहे, म्हणजे आकाश, चुन्याची भिंत, ढग, तिलाही अशी पद्धत धुरकट समजू शकते. म्हणून `Dehaze` जास्त झाले की सर्वांत आधी आकाश मळते. पावसाळी नसलेल्या दिवशी आकाश शिसवी दिसू लागले की आपण पुढे गेलो असे समजावे.

तुमच्या फोटोत संपूर्ण चौकटीला मी `Dehaze` फक्त +१० दिले. त्याने रंगही गडद होतात, म्हणून लगेच `Vibrance` -५ केले. तोरणा अजून फिकाच आहे, आणि तो तसाच असायला हवा, कारण त्याचे काम आता सुरू होणार आहे.

चौकटीच्या ठरावीक भागापुरताच बदल करायचा तर मास्क लागतो. `Masking` उघडून एक `Linear Gradient` घ्या आणि ते आडवे असे ठेवा की त्याचा पूर्ण जोर तोरण्यावर पडेल आणि माचीमागच्या दरीत तो विरत जाईल. पट्टा रुंद ठेवा. धुरकटपणा अंतराबरोबर हळूहळू वाढतो, तर मास्कही हळूहळूच उतरला पाहिजे; अरुंद पट्ट्याने दरीत अशी रेषा उमटते की जणू तिथे काच उभी केली आहे. मग त्याच मास्कमध्ये `Subtract` निवडून `Sky` वजा करा. माची जिथे या पट्ट्यात शिरते तेवढा भाग `Subtract` मधल्याच `Brush` ने मऊ कडेने पुसून घ्या. O कळ दाबली की मास्क लाल रंगात दिसतो. तोरण्याचा माथा आणि आकाश यांची सीमा शंभर टक्के आकारात डावीकडून उजवीकडे एकदा चालत जाऊन तपासा. आपोआप ओळखलेले आकाश फिक्या डोंगराच्या खांद्यावर हमखास चुकते, कारण तिथे त्याला डोंगर आणि आकाश सारखेच वाटतात. तुमच्या फाइलमध्ये तोरण्याच्या झुंजार माचीच्या टोकाचा एक तुकडा आकाशात गेला होता. तो ब्रशने परत आणावा लागला.

या मास्कमध्ये नेहमी सुचवले जाते ते `Dehaze` +५० वगैरे. ते करून पाहा आणि माथ्याच्या रेषेकडे बघा. डोंगर गडद होईल, पण रेषेला लागून आतल्या बाजूने एक फिकट पट्टी राहील, आणि लहान आकारात फोटो पाहिलात तर तोरण्याभोवती कोणीतरी दिवा लावल्यासारखा वाटेल. म्हणून मी `Dehaze` +१८ वर थांबतो आणि उरलेले काम टोन कर्व्हला देतो. लाइटरूम क्लासिकमध्ये २०२३ पासून मास्कच्या आतही कर्व्ह वापरता येतो, आणि अशा फोटोंसाठी त्याच्याइतके नेमके साधन माझ्या मते दुसरे नाही.

कर्व्ह कसा वापरायचा ते नीट पाहा. कर्व्हमध्ये एखादा भाग जितका उभा, तितका त्या उजेडाच्या पट्टीतला कॉन्ट्रास्ट जास्त. तोरण्याची सगळी माहिती साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या पट्टीत आहे, तेव्हा कर्व्ह तेवढ्याच जागी उभा करायचा. ७० च्या आसपास एक बिंदू ठेवून तो जागचा हलू द्यायचा नाही. तो कड्यांचा उजेड धरून ठेवतो. ५० च्या जरा वर दुसरा बिंदू ठेवून तो हळूहळू खाली ओढायचा. मी तो साधारण ३८ पर्यंत आणला. त्याखाली काय होते याची फारशी काळजी नको, कारण या मास्कमध्ये त्याहून गडद काहीच नाही, आणि स्थानिक मास्क असण्याचा फायदा नेमका हाच आहे. आता पुन्हा माउस फिरवून वाचन घ्या. गडद घळीत लाल ३६, उजळ कड्यावर ६५. चौदा टक्क्यांची पट्टी एकोणतीस टक्क्यांची झाली. बुधला माचीकडे जाणारी धार, कड्यांमधले आडवे थर आणि त्यांखालची झाडी, हे सगळे फाइलमध्ये आधीपासून होते. ते आता वेगळे दिसू लागते, आणि शार्पनिंगचा स्लायडर अजून आपण ४० च्या वर नेलेलाही नाही.

यानंतर डोंगर निळा-जांभळा दिसेल. ही चूक नाही. वरून ओतलेला उजेड निळसर होता आणि तो तिन्ही रंगांतून सारखाच वजा झालेला नाही. मास्कमध्येच `Temp` थोडे पिवळ्याकडे, +६ ते +८, आणि `Saturation` -१२ केले की तो ताळ्यावर येतो. संपूर्ण निळेपणा मात्र काढू नका. सह्याद्रीतले लांबचे डोंगर निळेच दिसतात, आणि मार्चमधल्या वाळक्या गवताचा पिवळा रंग तोरण्यावरही तितकाच आणलात तर तो माचीला खेटून उभा असल्याचा भास होतो. धूर अधिक असता तर रंग निळ्याऐवजी तपकिरी-राखाडी असता, आणि मग `Temp` उलट दिशेला न्यावा लागला असता. मुंबईच्या हिवाळी सकाळच्या फोटोंत असे नेहमी होते.

`Clarity` आणि `Texture` यांच्याबद्दल थोडक्यात. `Clarity` मध्यम उजेडाच्या भागात, बऱ्याच रुंद त्रिज्येने कॉन्ट्रास्ट वाढवते, म्हणून ते शार्पनिंगपेक्षा आपल्या कामाच्या जवळचे आहे. तोरण्याच्या मास्कमध्ये +१२ दिले तर कड्यांचे थर उठून दिसतात. +३० ला गेलात की माथ्याची झालर परत येते. `Texture` त्याहून बारीक तपशीलावर काम करते, आणि धुरकट डोंगरात बारीक तपशील शिल्लकच नसतो, म्हणून तिथे मी ते शून्यावर ठेवतो. माचीवर मात्र वेगळा मास्क करून `Texture` +१५ देण्यासारखे आहे, कारण त्या दगडांत द्यायला काहीतरी आहे.

आता नॉइज. आपण तोरण्याचा कॉन्ट्रास्ट दुप्पट केला, तर त्यावरचा रवाही दुप्पट झाला. इथे वरचे आकडे पुन्हा आठवा. घळीचा १० एकक प्रकाश हवेच्या १०० एककांसकट नोंदला गेला. आपण ते १०० वजा करू शकतो, पण त्या १०० एककांबरोबर आलेली प्रकाशकणांची अनियमितता वजा करता येत नाही. ती मागे राहते आणि आता तिच्या शेजारी फक्त १० एककांचे खरे चित्र असते. म्हणून धुरकटपणा काढलेला डोंगर स्वच्छ हवेतल्या डोंगराइतका नितळ कधीच होत नाही. तोरण्याच्या मास्कमध्ये `Noise` +२५ द्या. थोडा मऊपणा आला तरी चालेल, लांबच्या डोंगराला तो शोभतो.

आणि आता शेवटी शार्पनिंग. `Amount` ५०, `Radius` १.०, आणि शार्पनिंगमधलाच `Masking` चा स्लायडर Alt दाबून उजवीकडे ओढा. पांढरा दिसणारा भागच धारदार होईल. माचीची तटबंदी आणि गवत पांढरे राहील, आकाश आणि डोंगराचे उतार काळे होतील, अशा जागी थांबा. तुमच्या फाइलवर ते ६५ च्या आसपास आले. तोरण्याच्या मास्कमध्ये `Sharpness` -२० करून मी त्याला आणखी वगळले.

तोरणा किती स्पष्ट करायचा, हा प्रश्न कोणताही आकडा सोडवत नाही. माझी स्वतःची सवय अशी की गडद घळीचे वाचन कधीही जवळच्या सावलीच्या जवळ येऊ द्यायचे नाही. इथे जवळची सावली ५ वर आली आहे, मधल्या दरीतली झाडी २० ते २५ च्या दरम्यान, आणि तोरण्याची घळ ३६ वर. ही पायरी चढत गेली की डोळ्यांना अंतर कळते. एका छपाईसाठी मी हरिश्चंद्रगडाचा फोटो दिला होता, त्यात कोकणकड्यामागचे डोंगर मी पुढच्या खडकाइतकेच काळे केले होते. पडद्यावर मला ते भारी वाटले. तीन फुटांचा छाप भिंतीवर लागला तेव्हा दरी गायब झाली होती. सगळे एका सपाट कागदावर चिकटवलेले दिसत होते. तो छाप मी पुन्हा काढून घेतला, आणि मागच्या डोंगरांचा `Dehaze` निम्म्यावर आणला.

एवढे झाल्यावर फोटो पडद्यावर तळहाताएवढा लहान करून पाहा. झालर, मळकट आकाश आणि दरीतली मास्कची रेषा या तिन्ही चुका मोठ्या आकारात लपतात आणि लहान आकारात लगेच उघड्या पडतात. मग `\` कळ दाबून आधीचा आणि आताचा फोटो आलटून-पालटून बघा. हे काम सलग अर्धा तास केल्यावर डोळे कॉन्ट्रास्टला सरावतात, म्हणून शेवटचा निर्णय मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो, आणि बहुतेक वेळा दोन-तीन स्लायडर थोडे मागे येतात.

तुमच्याकडे RAW फाइल होती म्हणून हे सगळे जमले. याच दृश्याची फोनमधली जेपेग फाइल असती तर प्रत्येक रंगाला एकूण २५६ पायऱ्या मिळाल्या असत्या, आणि तोरण्याच्या १४ टक्क्यांच्या वाट्याला त्यांतल्या पस्तीस-छत्तीस. त्या ताणून दुप्पट केल्या की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात. उतारांवर मऊ छटेऐवजी पट्टे दिसतात आणि आकाशात जेपेगचे चौकोनी तुकडे वर येतात. तिथे वर दिलेल्या स्थानिक आकड्यांच्या निम्म्यावर थांबणे बरे.

पुढच्या वेळी गडावरच काही करता येईल का, तर पोलरायझरचा उपयोग होतो, पण सूर्यापासून काटकोनात पाहत असाल तेव्हाच. तुमच्यासारखे सूर्याच्या बाजूला तोंड असताना तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. यूव्ही फिल्टरने डिजिटल कॅमेऱ्यात धुरकटपणा कमी होत नाही, कारण सेन्सरच्या पुढची काच अतिनील प्रकाश आधीच अडवते. एक्स्पोजर मात्र आकाश फुटून निव्वळ पांढरे होणार नाही एवढे सांभाळून थोडे जास्त द्या. डोंगराला जितका अधिक प्रकाश मिळेल तितका नंतर रवा कमी येईल. तुमच्या या फाइलमध्ये वर अजून जवळजवळ अर्ध्या स्टॉपची जागा रिकामी होती.

काही फोटो सोडूनही द्यावे लागतात. त्याच दिवशीचा तुम्ही पाठवलेला दुसरा फोटो, ज्यात तोरण्याच्या मागे आणखी एक डोंगररांग अंधुक दिसते, त्यात त्या रांगेचे वाचन ७८ ते ८१ आहे. तीन टक्क्यांत घळ आणि कडा वेगळे करायला काहीच उरत नाही. कर्व्ह कितीही उभा केला तरी वर येईल तो रवा. शिवाय शंभर टक्के आकारात त्या रांगेची कड नागमोडी दिसते. ती दुपारच्या तापलेल्या हवेच्या झळांमुळे वाकली आहे, आणि आकारच वाकला असेल तर उजेड-सावलीचे कोणतेही साधन तो सरळ करत नाही. त्या रांगेला फक्त `Temp` ने तोरण्याच्या निळेपणाशी जुळवून घ्या आणि तशीच मागे राहू द्या.